‘मधुमेह : नाही’ – एका विमा प्रस्तावपत्राच्या शेवटच्या पानाची हकीकत

सांगोला तालुक्यातल्या एका गावात खत-बियाण्यांचं दुकान चालवणारे एक गृहस्थ ऑगस्ट २०२३ मध्ये हृदयविकाराच्या झटक्याने गेले. मागे पत्नी, कॉलेजात शिकणारा मुलगा आणि २५ लाखांची टर्म पॉलिसी. डिसेंबरात विमा कंपनीचं पत्र आलं : क्लेम नामंजूर, आणि माहिती फसवणुकीच्या हेतूने लपवली म्हणून भरलेले हप्तेही परत मिळणार नाहीत. ते पत्र घेऊन मायलेक माझ्याकडे आले. आयुर्विम्याच्या क्लेम विभागात माझी नोकरी झाली, आणि निवृत्तीनंतर अशी कागदपत्रं वाचून द्यायचं काम मी करतो. कुटुंबाची परवानगी घेऊन हे लिहितो आहे. ओळख पटू नये म्हणून तारखा आणि आकडे थोडे बदलले आहेत.

वहिनींनी पिशवीतून पॉलिसीची पुस्तिका काढली. प्लॅस्टिकचं वेष्टनसुद्धा नीट निघालेलं नव्हतं, वरची कड फाडून पहिलं पान तेवढं पाहिलेलं. पुस्तिकेच्या शेवटी प्रस्तावपत्राची प्रत जोडलेली होती. तिच्या चौथ्या पानावर प्रकृतीचे प्रश्न होते : रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार, क्षयरोग, मूत्रपिंडाचे आजार, गेल्या ५ वर्षांत रुग्णालयात दाखल होणं. सगळ्यांपुढे ‘नाही’. वहिनींना ते दाखवलं तेव्हा त्या म्हणाल्या, “अहो साहेब, ह्यांची शुगर तर अख्ख्या गावाला ठाऊक होती. लपवायचं काय त्यात?”

त्या खरंच बोलत होत्या. गृहस्थांना प्रस्तावाच्या आधी दोन वर्षांपासून मधुमेहाच्या गोळ्या चालू होत्या आणि ते कुणापासूनही दडवत नव्हते. एजंट दुकानात आला, त्याने टॅबवर फॉर्म उघडला, गिऱ्हाईक सांभाळता सांभाळता नाव-पत्ता-व्यवसाय विचारला. प्रकृतीचं विचारलं तेव्हा हे म्हणाले, “थोडी शुगर आहे, बाकी ठणठणीत.” एजंट म्हणाला, “ते चालतं हो.” मुलगा तेव्हा दुकानातच होता, त्याला हे शब्द आठवत होते. नंतर मोबाइलवर ओटीपी आला, तो यांनी एजंटला वाचून दाखवला, टॅबवर बोटाने मराठीत सही केली. फॉर्म इंग्रजीत होता. वय आणि रक्कम पाहून वैद्यकीय तपासणी माफ झाली होती, म्हणजे कंपनीने सगळी भिस्त या उत्तरांवरच ठेवली होती.

आता शेवटचं पान. तिथे बारीक अक्षरांत एक लांबलचक परिच्छेद असतो आणि त्याखाली सही. वाचायला तो एकच वाटतो, पण त्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात आणि या प्रकरणात तिन्हींनी आपापलं काम केलं.

पहिली गोष्ट म्हणजे घोषणा. प्रश्न पूर्ण समजून घेऊन मी उत्तरं दिली आहेत, ती खरी व पूर्ण आहेत, काही लपवलेलं नाही, आणि ही उत्तरं माझ्या व कंपनीच्या कराराचा पाया धरली जातील, असा तिचा आशय असतो. उत्तरांवर खूण कुणी केली, हे या वाक्यानंतर फारसं उरत नाही. एजंटने केलेली खूण तुमच्या सहीने तुमची होते. आणखी एक, ‘खरी’ याच्या जोडीला ‘पूर्ण’ हा शब्द येतो. ‘थोडी शुगर आहे’ हे तोंडी सांगणं खरं होतं, पण कागदावर ते पोचलंच नाही, म्हणून कागद खोटाही ठरला आणि अपूर्णही. आपल्याकडे सेतू केंद्रात दाखल्यासाठी जे स्वयंघोषणापत्र देतो त्यात ‘माझ्या व्यक्तिगत माहिती व समजुतीनुसार’ असे शब्द असतात. ते शब्द थोडं संरक्षण देतात, कारण तिथे आपण आपल्याला जे ठाऊक आहे त्यापुरतीच जबाबदारी घेतो. ठाऊकच नसलेल्या आजाराबद्दल विम्यातही कुणी दोषी ठरत नाही. पण गोळी रोज खिशात असताना ‘ठाऊक नव्हतं’ म्हणायला जागा नव्हती.

दुसरी गोष्ट संमतीची. माझ्यावर उपचार करणारे डॉक्टर, रुग्णालय, प्रयोगशाळा यांनी माझी माहिती कंपनीला द्यावी, याला माझी मंजुरी आहे. लोक हे वाक्य कधी वाचत नाहीत, आणि क्लेमच्या वेळी सगळ्यात आधी तेच वापरलं जातं. पॉलिसीला तीन वर्षं व्हायच्या आत मृत्यू झाला की कंपनी बहुतेक वेळा तपासनीस पाठवते. इथे तो तीन ठिकाणी गेला. गावातल्या दवाखान्यातून केसपेपर मिळाला. तालुक्याच्या लॅबमधून रक्ततपासणीचा अहवाल मिळाला. आणि मेडिकल स्टोअरच्या उधारीच्या वहीत यांच्या नावाच्या पानावर महिन्यागणिक मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीच्या पट्ट्या मांडलेल्या होत्या, प्रस्तावाच्या आधीच्या आणि नंतरच्याही. त्या पानाचा फोटो कंपनीच्या पत्रासोबत होता. वहिनी तो बराच वेळ बघत राहिल्या, कारण शेवटची उधारी त्यांनीच फेडली होती.

तिसरी गोष्ट म्हणजे हमी, आणि बहुतेकांचा घोटाळा इथे होतो. घोषणा ही सहीच्या दिवसापुरती असते. हमी पुढच्या दिवसांबद्दल असते. प्रस्ताव दिल्यापासून कंपनी तो स्वीकारेपर्यंत माझ्या प्रकृतीत, व्यवसायात काही बदल झाला, किंवा माझा दुसरा एखादा विमा प्रस्ताव नाकारला गेला, तर मी लगेच लेखी कळवीन, असा शब्द त्यात दिलेला असतो. यांनी प्रस्तावावर सही केली ३ मार्च २०२१ ला. पॉलिसी मंजूर झाली २१ मार्चला. मधल्या १८ दिवसांत, १२ मार्चला, पाय जळजळतात म्हणून डॉक्टरांनी तपासण्या करायला लावल्या आणि तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखवणारी एचबीए१सी ही चाचणी ९.८ आली. साडेसहा किंवा त्याच्या वर मधुमेह धरतात, त्या मानाने हा आकडा बराच वर. हा अहवाल सहीच्या दिवशी अस्तित्वातच नव्हता, त्यामुळे त्याबद्दल घोषणा खोटी म्हणता येत नाही. पण हमी मोडली. पहिला हप्ता भरला, सही झाली, म्हणजे आपलं काम संपलं असं त्यांना वाटलं असणार, आणि कुणालाही तसंच वाटेल.

कंपनीच्या पत्रात चुका तीन दाखवल्या होत्या : मधुमेह, २०१८ साली डेंग्यूसाठी तीन दिवस दाखल होणं, आणि जन्मतारीख. तिन्ही चुका एकाच सहीखाली होत्या, तरी कायद्यात तिन्हींची वाट वेगळी आहे. हा फरक १९३८ च्या विमा कायद्याच्या कलम ४५ मध्ये आहे. २०१५ च्या दुरुस्ती कायद्यानंतर त्याचं आजचं रूप असं, की पॉलिसी दिल्यापासून, जोखीम सुरू झाल्यापासून किंवा बंद पडलेली पॉलिसी पुन्हा चालू केल्यापासून, यांतलं जे नंतरचं असेल त्यापासून ३ वर्षं उलटली की कंपनीला कोणत्याही कारणाने पॉलिसीवर बोट ठेवता येत नाही. त्या ३ वर्षांच्या आत मात्र फसवणूक किंवा महत्त्वाची माहिती चुकीची देणं, दडवणं या कारणांनी ठेवता येतं. इथे कंपनीचं पत्र पावणेतीन वर्षांनी आलं होतं.

जन्मतारखेची गोष्ट अशी. फॉर्मवर १ जून १९७७, शाळेच्या दाखल्यावरून. आपल्या त्या पिढीत १ जूनला जन्मलेली माणसं किती आहेत हे सांगायला नको. गुरुजींनी पहिलीत नाव घालताना जी तारीख बसेल ती लिहिली. ग्रामपंचायतीच्या नोंदीत निघाली नोव्हेंबर १९७६. म्हणजे प्रस्तावाच्या वेळी वय ४३ नव्हे, ४४. कलम ४५ सांगतं की वयाचा पुरावा कंपनी केव्हाही मागू शकते, पण वय चुकल्याचं नंतर कळून त्यानुसार अटी जुळवून घेतल्या, एवढ्यामुळे पॉलिसीवर बोट ठेवलं असं होत नाही. म्हणजे या चुकीपायी पॉलिसी मोडायची नसते, चूक दुरुस्त करायची असते. यांचा वार्षिक हप्ता ११,८०० रुपये होता. ४४ व्या वर्षाला तो १२,५०० झाला असता. रक्कम त्या प्रमाणात कमी करायची म्हटली तर २५ लाखांऐवजी २३ लाख ६० हजार. या चुकीची किंमत फार तर एवढी.

डेंग्यूचं उत्तर चुकीचंच होतं, गेल्या ५ वर्षांत दाखल झाला होता का याला ‘हो’ म्हणायला हवं होतं. पण कायदा फक्त चूक मोजत नाही. कंपनीने पत्करलेल्या जोखमीशी थेट संबंध असल्याशिवाय ती माहिती महत्त्वाची धरायची नाही, आणि ती कळली असती तर पॉलिसी दिलीच नसती हे दाखवायची जबाबदारी कंपनीवर. बरा झालेला डेंग्यू तिथे टिकत नाही. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयापुढे एक दावा होता, त्यात कंबरेच्या मणक्याचा त्रास फॉर्ममध्ये सांगितलेला नव्हता आणि मृत्यू हृदयविकाराने झाला होता. न्यायालयाने क्लेम द्यायला लावला. मात्र यावरून ‘मृत्यूचं कारण वेगळं असलं की लपवलेलं माफ’ असा नियम काढू नये. २०२० च्या दुसऱ्या एका निकालात याच न्यायालयाने, विमा घेताना आधीचा आजार सांगणं हे कर्तव्यच आहे, यावर बोट ठेवून क्लेम नाकारणं योग्य ठरवलं. प्रश्न असा विचारला जातो : ही माहिती जोखीम पत्करायची की नाही, हे ठरवणाऱ्या माणसाच्या निर्णयावर परिणाम करणारी होती का?

मधुमेहाच्या बाबतीत याचं उत्तर काय येणार, याची मला पहिल्या दिवशीच भीती होती आणि मी ती वहिनींना सांगितली. तरी लढण्यासारख्या दोन गोष्टी होत्या.

एक, एजंटला सांगितलं होतं. कलम ४५ च्या स्पष्टीकरणात असं म्हटलंय की विम्यासाठी जो गळ घालतो आणि बोलणी करतो तो करार होण्यापुरता कंपनीचा प्रतिनिधी मानायचा. मग त्याला कळलं ते कंपनीला कळलं, असं आमचं म्हणणं. एजंटने लेखी जबाबात हात झटकले. आमच्याकडे मुलाच्या आठवणीशिवाय काही नव्हतं, एखादा व्हॉट्सअॅप मेसेजसुद्धा नाही. आणि समोर २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल होता. त्यात दोन महिन्यांपूर्वी दुसऱ्या कंपनीकडून घेतलेली ११ लाखांची पॉलिसी प्रस्तावात सांगितलेली नव्हती. न्यायालयाने म्हटलं की फॉर्म न वाचता सही केली किंवा तो दुसऱ्याने भरला, असं सांगून सही करणाऱ्याला उत्तरांची जबाबदारी झटकता येत नाही. (२०२५ मध्ये त्याच न्यायालयाने जवळपास अशाच प्रश्नावर विमाधारकाच्या बाजूने कौल दिला, पण तिथे मोठी पॉलिसी सांगितलेली होती, किरकोळ राहून गेल्या होत्या. म्हणजे कंपनीला चित्र कळलेलं होतं.)

दोन, भाषा. फॉर्म एका भाषेत आणि सही दुसऱ्या भाषेत असली की प्रस्तावपत्रात आणखी एक छोटी घोषणा भरावी लागते : मी अमुक, प्रस्तावकाला सर्व प्रश्न त्याच्या भाषेत समजावून सांगितले आणि त्याची उत्तरं तंतोतंत नोंदवली. इथे ती भरलेली होती, पण सही होती सोलापूरच्या शाखेतल्या एका माणसाची. हा माणूस दुकानात कधी आलाच नव्हता. ओटीपीची नोंद सकाळी ११.४० ची, दुकानातली. समजावून सांगितल्याची सही त्याच दिवशीची, सत्तर-ऐंशी किलोमीटर दूरची. म्हणजे ज्याच्यावर खोट्या घोषणेचा ठपका, त्याच्याच फॉर्मवर कंपनीच्या माणसाची एक घोषणा खरी नव्हती. मला याचा मनापासून राग आला होता, आणि अर्जात मी तो मुद्दा पहिल्या पानावर मांडायला लावला.

आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे, तिथून नकार आल्यावर पुण्याच्या विमा लोकपालांकडे अर्ज गेला. कंपनीचा नकार आल्यापासून एक वर्षाच्या आत तो करावा लागतो. फी नसते, वकील लागत नाही. सुनावणीत वहिनी स्वतः बोलल्या, मुलाने तारखा वाचून दाखवल्या.

निर्णय असा झाला. फसवणूक सिद्ध होत नाही. जो माणूस गावातल्या दुकानात उघड उधारीवर गोळ्या घेतो, ज्याला इंग्रजी फॉर्म कुणी समजावला याचा धड पुरावा नाही, त्याने फसवण्याच्या हेतूने उत्तर दिलं असं म्हणता येत नाही. पण चुकीची माहिती महत्त्वाची होती. कंपनीने जोखीम स्वीकारण्याची आपली अंतर्गत नियमावली हजर केली होती : मधुमेह सांगितला असता तर एचबीए१सी मागवली गेली असती आणि ९ च्या वर आकडा आला तर प्रस्ताव नाकारायचा, असं त्यात होतं. ९.८ चा अहवाल फायलीत होताच. तो साडेसात असता तर हप्ता वाढवून पॉलिसी मिळाली असती आणि आमची बाजू बरीच बळकट झाली असती, हे मला आजही वाटतं. डेंग्यू आणि वय हे मुद्दे कंपनीने सुनावणीत सोडून दिले.

फसवणूक गेल्यामुळे हाती काय आलं? फसवणूक नसून केवळ चुकीच्या माहितीमुळे क्लेम नाकारला, तर भरलेले हप्ते ९० दिवसांत परत द्यावे लागतात. ११,८०० चे तीन हप्ते, ३५,४०० रुपये. वहिनी म्हणाल्या, “पैशाचं राहू द्या साहेब, ह्यांच्या नावापुढचा तो शब्द गेला ना?” मी हो म्हणालो. २५ लाखांच्या जागी ३५ हजार घेऊन घरी जाणाऱ्या बाईला यापेक्षा जास्त काही सांगता येईना.

या घराला वाट बदलता आली असती अशा दोन जागा होत्या. पॉलिसी हातात आल्यापासूनचे फ्री-लूकचे दिवस, आज नियमाने ते ३० आहेत, त्यात पॉलिसी परतही करता येते. पण परत करण्यापेक्षा त्या दिवसांत प्रस्तावपत्राची प्रत वाचणं महत्त्वाचं. ‘मधुमेह : नाही’ ही ओळ घरच्या कपाटात अडीच वर्षं पडून होती. दुसरी जागा म्हणजे त्यानंतरचा कोणताही दिवस, माणूस जिवंत असेपर्यंत. चूक सापडली की कंपनीच्या शाखेला साधं पत्र द्यायचं : पॉलिसी क्रमांक, कोणत्या प्रश्नाचं उत्तर चुकलं, खरं उत्तर काय, कधीपासून, सोबत अहवालाची प्रत. पोचेचा शिक्का घ्यायचा, ई-मेलही करायचा. कंपनी हप्ता वाढवेल, काही बाबी वगळेल, किंवा पॉलिसी रद्दही करेल. रद्द झाली तर वाईट वाटेल हे खरं, पण दुसरीकडे खरी माहिती देऊन विमा शोधायला तेव्हा माणूस तरी असतो. ‘तीन वर्षं गप्प बसा, मग काही होत नाही’ असा सल्ला देणारे मी पाहिले आहेत. हा सल्ला म्हणजे कुटुंबाला तीन वर्षं विम्याशिवाय ठेवणं आहे. शिवाय मध्येच हप्ता चुकून पॉलिसी बंद पडली तर ती चालू करताना प्रकृती चांगली असल्याचं नवं घोषणापत्र द्यावं लागतं आणि तीन वर्षांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

निर्णयाचं पत्र आलं त्यानंतरच्या आठवड्यात मुलगा पुन्हा आला. या वेळी आईच्या नावाच्या पॉलिसीची पुस्तिका घेऊन, वेष्टन पूर्ण फाडलेली. त्याने स्वतःच प्रस्तावपत्र काढून एका ओळीवर पेन्सिलने खूण केली होती : थायरॉईड, नाही. वहिनींची गोळी चार वर्षांपासून चालू आहे. आम्ही तिथेच बसून मराठीत सात ओळींचं पत्र लिहिलं, थायरॉईडच्या टीएसएच चाचणीचा शेवटचा अहवाल जोडला. पाच आठवड्यांनी कंपनीकडून उत्तर आलं : नोंद घेतली, हप्त्यात बदल नाही, दुरुस्तीचं पत्र पॉलिसीचा भाग समजावं. ते पत्र त्याने प्रस्तावपत्राच्या चौथ्या पानाला, त्या खुणेच्या बरोबर शेजारी, स्टेपल करून ठेवलं आहे.